चेंडू पुढे, क्रियापद मागे

महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यात ज्यांची तीस वर्षे गेली, त्यांना भाषांतराविषयी थोडासा अहंकार असणे स्वाभाविक आहे. आम्हांलाही तो होता. बेकनचे निबंध आणि शेक्सपिअरची स्वगते आम्ही वर्गात उभ्या उभ्या मराठीत उतरवून दाखविली आहेत, आणि विद्यार्थ्यांनी माना डोलविल्या की आपण दोन भाषांच्या मध्ये पूल बांधला, असे समाधान घेऊन आम्ही घरी परतलो आहोत. माना डोलविणारे विद्यार्थी तासाची घंटा ऐकत होते की काय, हा प्रश्न त्या वेळी आम्हांस सुचला नाही. हा अहंकार ज्या रात्री उतरला, तिची तारीख आमच्या चांगली लक्षात आहे. ती १८ डिसेंबर २०२२ ची रात्र होती. कतारमधील लुसैल येथे अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता, आणि आम्ही कोल्हापुरात आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो.

कोल्हापूर आणि फुटबॉल हे नाते परगावच्या वाचकांस थोडे समजावून सांगितले पाहिजे. येथे फुटबॉलचे संघ निघाले ते पेठांतल्या तालमींतून. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही संघांची नावे ऐकली म्हणजे पाहुण्यास वाटते की कुस्त्यांचा फड आहे. आणि शाहू स्टेडियमवर गेल्यास प्रेक्षकांची भाषा ऐकूनही तसेच वाटते. आमचे मेव्हणे, म्हणजे दाजी, तरुणपणी अशाच एका तालमीकडून खेळले. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी पुरती नेली आहे. उजेड आहे की अंधार, एवढेच त्यांना कळते. घरचा नातू सामना पाहता पाहता त्यांना सांगत असे. तो नोकरीसाठी पुण्यास गेल्यापासून दाजी दूरचित्रवाणीसमोर बसत, पण इंग्रजी समालोचकाचा केवळ सूर ऐकून काय घडले असावे ह्याचा अंदाज बांधीत. त्या रात्री साडेआठ वाजता खेळ सुरू झाला आणि ते आम्हांला म्हणाले, “पाव्हणं, तुम्ही एवढं इंग्रजीचं प्रोफेसर. तो माणूस काय बोलतोय, ते जरा मराठीत सांगा की.”

एवढी सोपी विनंती! आम्ही खुर्ची पुढे ओढली.

पहिली वीस मिनिटे बरी गेली. तेविसाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. पेनल्टी हा भाषांतरकारावर उपकार करणारा प्रकार आहे. चेंडू ठेवतात, सगळे थांबतात, आपल्याला वाक्य जुळविण्यास अवधी मिळतो. आम्ही घसा साफ करून म्हणालो, “मेस्सीने गोल नोंदविलेला आहे.”

“नोंदवला? तलाठ्याकडं?” दाजींनी विचारले. अक्का स्वयंपाकघरातून हसली. आम्हीही हसलो, पण ते हसणे काहीसे औपचारिक होते.

खरी फजिती छत्तिसाव्या मिनिटाला झाली. तो गोल ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो विसरणे शक्य नाही. मैदानाच्या मध्याजवळ मेस्सीकडे चेंडू आला. त्याने तो हलकेच अल्वारेझकडे टोचला. अल्वारेझने न अडविता उजव्या बाजूस पुढे सोडला. तेथे मॅकॲलिस्टर मोकळा धावत होता. त्याने तो आडवा डावीकडे दिला, आणि डी मारियाने गोलकीपरच्या अंगावरून उचलून जाळीत घातला. हे सारे दहाएक सेकंदांत आटोपले. त्या अवधीत आमच्या मुखातून बाहेर पडले ते येणेप्रमाणे: “मेस्सीने चेंडू अल्वारेझकडे सरकविलेला असून अल्वारेझने तो उजव्या बाजूने धावत जाणाऱ्या मॅकॲलिस्टरकडे...” येथवर आम्ही पोचतो न पोचतो तोच गल्लीत एकच गिल्ला झाला, फटाके वाजले, आणि आमचे क्रियापद घशातच राहिले. दाजी काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “गोल झाला वाटतं. गल्लीनं सांगितलं.”

ह्या वाक्याने आम्हांला जे वाटले ते शब्दांत मांडणे कठीण आहे. ज्या माणसास दिसत नाही, त्याच्यापाशी बसून, त्याची भाषा आणि परकी भाषा अशा दोन्ही येत असूनही, आम्ही त्यास गोल दाखवू शकलो नव्हतो. तो त्यास गल्लीतल्या पोरांनी दाखविला होता.

मध्यंतरात चहा घेता घेता आम्ही ह्या अपयशाचे कारण शोधू लागलो. पहिले कारण व्याकरणाचे, आणि ते आमच्या धंद्यातले असल्यामुळे लवकर सापडले. इंग्रजी वाक्यात कर्त्यामागोमाग क्रियापद येते, म्हणून खेळाडूचे नाव घेतल्याबरोबर त्याने काय केले हे कळून चुकते. कोणाकडे आणि कोठे, हे मागाहून सावकाश आले तरी चालते. मराठी लेखी वाक्यात क्रियापद शेवटी बसते, लग्नात वरपक्षाचा म्होरक्या बसतो तसे, सर्वांची वाट पाहत. निबंधात ह्यापासून काही बिघडत नाही. चेंडू मात्र क्रियापदासाठी थांबत नाही.

दुसरे कारण काळाचे होते. इंग्रज समालोचक वर्तमानकाळात बोलतो: तो वळतो, तो मारतो. आम्हीही इमानाने ‘मारतो’, ‘देतो’, ‘वळतो’ असे म्हणत होतो. दाजींनी येथे आम्हांला अडविले. “पाव्हणं, तुम्ही ‘मारतो’ म्हणता तेव्हा मला वाटतं, मारणार हाय अजून. मारला असंल तर ‘मारला’ म्हणा की.” आम्ही तीस वर्षांत हे कधी ध्यानात घेतले नव्हते. थांब्यावर उभा असलेला मराठी माणूस दुरून गाडी दिसली की ‘आली, आली’ म्हणतो. गाडी अजून वळणावर असते, पण त्याच्या तोंडी भूतकाळ येतो. हातातून कपबशी निसटली तर ती जमिनीवर आपटण्यापूर्वीच ‘गेली!’ निघून जाते. ज्या क्षणी गोष्ट घडते त्या क्षणाचा आपला काळ हा भूतकाळच आहे. ‘मारतो’ हे आपण सवयीविषयी किंवा धमकीसाठी राखून ठेवतो. इंग्रजीच्या वर्तमानकाळाचे भाषांतर मराठीच्या भूतकाळात केले, तरच तो वर्तमान राहतो.

आणि बोलताना उत्तेजित झालेला माणूस क्रियापद शेवटी ठेवतच नाही, हेही मग दिसले. ‘आला डी मारिया!’, ‘सुटला एम्बापे!’, ‘घातला की रे जाळीत!’ अशी उलटी रचना शाळेतल्या निबंधात आम्ही तांबड्या शाईने दुरुस्त केली असती. मैदानात तीच शुद्ध. शिवाय ‘मेस्सीने’, ‘अल्वारेझकडे’ हे प्रत्यय म्हणजे पायांत बेड्या आहेत. नुसते नाव घेऊन किंचित थांबले की ‘चेंडू आता ह्याच्यापाशी’ असा अर्थ आपोआप होतो. आम्ही तोच गोल दाजींपुढे पुन्हा सांगून पाहिला: “मेस्सी... टोचला. अल्वारेझ. लांब, उजवीकडं! मॅकॲलिस्टर, मोकळा, पळाला, पळाला... आडवा दिला डावीकडं... डी मारिया... आत!” दाजींनी डोके मागे टेकविले होते. ते म्हणाले, “हां. आता दिसला.”

मात्र एवढ्यावर भागले नाही. आम्ही तोपर्यंत समालोचकाच्या शब्दांचे भाषांतर करीत होतो, आणि चुकीचा मुख्य उगम तेथेच होता. दूरचित्रवाणीवरचा समालोचक सर्व काही सांगत नाही. सांगण्याची त्यास गरजच नाही. चित्र समोर आहे, म्हणून तो खेळाडूंची नावे तेवढी घेतो आणि उसंत मिळाली की एखादा वाक्प्रचार फेकतो. चेंडू डावीकडे आहे की उजवीकडे, गोलापासून किती लांब, हे तो सहसा बोलत नाही. ते सांगणे आकाशवाणीवाल्याचे काम. ह्या संबंधात आम्हांला एक जुनी हकिगत आठवली. १९२७ च्या जानेवारीत बी.बी.सी.ने खेळांचे धावते वर्णन प्रथम प्रक्षेपित केले, तेव्हा वेकलॅम नावाच्या समालोचकासमोर रग्बीच्या सामन्यास एका अंध क्रीडाप्रेमी गृहस्थास मुद्दाम बसविले होते. हेतू हा की, वेकलॅमने हवेशी न बोलता त्या माणसाशी बोलावे. त्याच महिन्याच्या २२ तारखेस आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांचा फुटबॉलचा सामना झाला, त्या वेळी मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा कार्यक्रमपत्रिकेत छापला होता, आणि चेंडू कोणत्या चौकोनात आहे ते दुसरा माणूस मधून मधून पुकारीत असे. आमच्यासमोर तर अंध क्रीडाप्रेमी गृहस्थ साक्षात बसलेले होते! आम्ही चौकोन पाडले नाहीत, पण एक करार केला: अर्जेंटिनाचा गोल दाजींच्या डाव्या हाताला, फ्रान्सचा उजव्या हाताला, आणि मध्ये चहाची तिवई. दुसऱ्या अर्धात बाजू बदलल्या की हातही बदलावयाचे. ह्यापुढे ‘तिवईच्या पुढं’ म्हटले की त्यांना मैदान कळू लागले.

आता वाक्प्रचारांविषयी. चेंडू धावत असता त्यांस जागाच नाही. ते येतात चेंडू बाहेर गेल्यावर, कोणी लोळण घेतल्यावर, झालेल्या गोलाचे चित्र पुन्हा दाखविताना. आमचे सुप्रसिद्ध मराठी समालोचक बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट घरोघर पोचविले. पण क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये एखादा विनोद करण्याइतकी सवड असते. फुटबॉल ती सवड देत नाही. म्हणून वाक्प्रचार आखूड पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा लागता कामा नये.

ह्या बाबतीत शब्दशः भाषांतर केल्यास काय होते, ते आम्ही पहिल्या अर्धात भोगले होते. गोलाच्या खांबाला इंग्रज लोक ‘लाकूडकाम’ म्हणतात. आम्ही चेंडू लाकूडकामावर आदळविला, तेव्हा दाजींना वाटले की मैदानात सुतार आले आहेत. त्यातून हल्लीचे खांब धातूचे असतात, म्हणजे मूळ शब्दातच लाकूड उरलेले नाही. ‘खांबाला थडकला’ म्हटले की झाले. एकही गोल न होऊ देण्यास तिकडे ‘कोरा कागद’ अशा अर्थाचा शब्द आहे; त्याचे ‘स्वच्छ चादर’ करणारे भाषांतरकार आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या हाती परीटघडी लागली, खेळ नाही. आपल्याकडे गोल ‘खातात’, तेव्हा ‘अजून एकही खाल्ला नाही’ हे त्याचे सरळ मराठी. प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांच्या मधून चेंडू काढण्यास इंग्रजीत जायफळाचे नाव आहे. जायफळ आपल्या श्रीखंडात शोभते. येथे ‘पायांतनं काढला’ बस्स. उलटपक्षी काही ठिकाणी परकी प्रतिमा आपल्या घरात अगदी सहज येऊन बसते. इटलीत गोलापुढे माणसे दाटून बचाव करण्याच्या पद्धतीस दाराच्या कडीवरून नाव पडले आहे. ‘दाराला अडसर घालून बसलेत’ हे दाजींना सांगताच ते म्हणाले, “मग वाजवत बसा कडी!” आणि पुढची पाच मिनिटे तीच भाषा चालली. वरच्या कोपऱ्यात चेंडू बसला की पुष्कळ भाषांतून कोळ्याच्या जाळ्याची आठवण काढतात. ‘कोपऱ्यातली कोळिष्टकं झाडली!’ असे म्हटले की दिवाळीपूर्वीची केरसुणी डोळ्यांसमोर येते, आणि चेंडू कोठे गेला हेही बिनचूक कळते.

कुस्तीची भाषा घ्यावी, हा विचार कोल्हापुरात कोणालाही सुचेल, आणि आम्ही मोठ्या उत्साहाने तिचा आश्रय केला. पण येथे दाजी भलतेच कडक निघाले. एका फ्रेंच खेळाडूस कोणी चकविले, तेव्हा आम्ही ‘धोबीपछाड!’ म्हणून ओरडलो. “थांबा,” दाजी म्हणाले. “धोबीपछाड म्हणजे माणूस खांद्यावरनं उचलून पुढं आपटायचा. तसं केलं काय त्यानं?” तसे केले असते तर पंचाने तांबडे कार्ड दाखविले असते. “न्हाई ना? मग ती हुलकावणी.” हुलकावणी हा खो-खो आणि हुतूतूतला शब्द: शरीर एकीकडे झुकवावे आणि जावे दुसरीकडे. तंतोतंत तेच घडले होते. ‘चितपट’ हा शब्दही त्यांनी आम्हांस शेवटच्या शिट्टीपूर्वी उच्चारू दिला नाही, कारण चितपट झाल्यावर कुस्ती संपते, आणि येथे तर घड्याळ चालू होते. त्यांनी स्वतः मात्र एक शब्द असा दिला की त्यास आमच्याजवळ तोड नव्हती. दोन्ही संघ मध्यभागी चेंडू इकडून तिकडे देत एकमेकांचा अंदाज घेत होते. ह्यास इंग्रज समालोचक तीन वाक्ये खर्ची घालीत होता. “म्हणजे खडाखडी चाललीय,” दाजी म्हणाले. पैलवान प्रथम हात मिळवून, मानेवर हात टाकून एकमेकांचे बळ अजमावतात, ती खडाखडी. आम्ही ती तत्काळ वहीत टिपून घेतली.

ह्या सर्व तयारीची परीक्षा ऐंशीव्या मिनिटाला झाली. फ्रान्सला पेनल्टी मिळाली आणि एम्बापेने ती घातली, दोनास एक. त्यानंतर सत्त्याण्णव सेकंदांनी त्याचाच दुसरा गोल झाला. एवढ्या वेळात आम्ही वर्गात हजेरीसुद्धा पुरी करीत नाही. भाषांतराचा विचार आम्ही सोडून दिला होता, समालोचकाचा आवाज बंद करण्यास अक्काला सांगितले होते, केवळ पडद्याकडे पाहून आम्ही बोलत होतो: “मेस्सीकडनं काढून घेतला! कोमाननं. राबियो. उचलून पुढं... एम्बापे, डोक्यानं, थुराम, परत वरनं, एम्बापे, हवेतच मारला... गेला! गेला आत! दोनास दोन!” शेवटी आमचा आवाज फाटला. ‘हवेतच’ म्हणताना आम्ही नकळत उभे राहिलो होतो. बाहेर गल्ली चिडीचूप होती, कारण पेठ अर्जेंटिनाच्या बाजूची होती. तेव्हा ह्या खेपेस दाजींना गोल कळला तो केवळ आमच्याकडून. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. “अरारारा! डोक्यानं दिला आणि स्वतःच पळाला?” होय, तसेच झाले होते, आणि ते त्यांनी आम्ही न सांगता पाहिले होते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. ‘अलगद’, ‘सर्रकन’, ‘सणसणीत’, ‘धाडकन’ ह्या शब्दांवाचून हे काम झाले नसते. इंग्रजीत चेंडू टोलविण्याची तऱ्हा क्रियापदातच भरलेली असते. हलके उचलणे, वळवून मारणे, ठोकून देणे ह्यांस निरनिराळी क्रियापदे आहेत. मराठीला तेथे ‘मारला’ आणि ‘दिला’ यांवर निर्वाह करावा लागतो, पण त्यांच्यापुढे ‘कन’वाले शब्द उभे केले की गरिबी संपते. धोका एवढाच की ते लवकर झिजतात. आम्ही पहिल्या दहा मिनिटांत इतके ‘धाडकन’ उधळले होते की खरोखर धाडकन मारलेल्या चेंडूसाठी आमच्याजवळ काही शिल्लक राहिले नाही. आवाजाचेही तसेच. मैदानाच्या मध्यावर वरच्या पट्टीत गाणाऱ्यास गोलापाशी पट्टीच उरत नाही. दाजींच्या नातवाला हे न शिकविता येत असे. तो मध्यावर पुटपुटत असे, म्हणून त्याचा आवाज चढला की आजोबा सावध होत.

जादा वेळात मेस्सीने आणखी एक घातला, एम्बापेने पेनल्टीवर फेडला, तिनास तीन. मग एकशे विसाव्या मिनिटानंतरच्या राखीव क्षणांत फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलकीपरसमोर आला. चेंडू टप्पा खाऊन त्याच्या पुढे पडला, आणि आमच्या तोंडून निघाले: “एकटाच! समोर कोणी न्हाई! मारला... अडवला! अडवला मार्टिनेझनं! आडवा झाला, पाय...” आणि तेवढ्यात चेंडू दुसऱ्या टोकाला पोचला, लाउतारोने डोक्याने बाहेर घालविला, आणि आमचे वाक्य पुन्हा अपुरे राहिले. ‘न्हाई’ हा उच्चार आमच्या तोंडी कोठून आला, असे अक्काने नंतर विचारले. आमच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते.

पेनल्ट्या सुरू झाल्या. पेनल्टीत आम्ही पुन्हा प्राध्यापक होऊ शकलो असतो, सवड होती. पण प्रत्येक वेळी आम्ही नाव घेतले, थांबलो, आणि ‘आत’ किंवा ‘न्हाई’ एवढेच म्हणालो. शेवटी मोंतिएल. आम्ही म्हणालो, “आत.” गल्ली फुटली. ह्या खेपेस गल्लीच्या आधी आमचा शब्द पोचला होता, तो अर्ध्या क्षणाने असेल, पण पोचला होता.

फटाक्यांचा आवाज थोडा ओसरला तेव्हा दाजींनी आमच्या दंडाला हात लावला. “मघाशी तुम्ही ‘पाय’ म्हणाला आणि सोडून दिलं. गोलकीपरनं कंच्या पायानं अडवला?”

“डाव्या,” आम्ही म्हणालो. “पुरता ताणून.”

“मग तसं सांगायचं तेव्हाच. मी आतापर्यंत उजवा बघत बसलोय.”